अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि अचानक फुगलेलं पोट: एनईसी म्हणजे काय?

२८व्या आठवड्यात जन्मलेलं, १,०५० ग्रॅम वजनाचं एक बाळ एनआयसीयूत आहे असं समजा. श्वासाची लढाई त्याने जिंकली आहे. नळीने दूध पचतंय, वजन वाढतंय, घरच्यांच्या जिवात जीव आला आहे. आणि अठराव्या दिवशी दुपारी त्याचं पोट फुगतं. संध्याकाळी डॉक्टर सांगतात, "एनईसीची शंका आहे. दूध बंद करतोय."

एनईसी, म्हणजेच नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस. यात आतड्याच्या भिंतीला तीव्र सूज येते आणि तिचा काही भाग मरतो. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांपैकी साधारण ५ ते १० टक्के बाळांना हा आजार गाठतो. त्यातली २० ते ३० टक्के बाळं दगावतात. तो बहुतेक वेळा जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी, बाळ सावरतंय असं वाटत असतानाच येतो.

आतडं का बिघडतं?

आईच्या पोटात असताना बाळाच्या आतड्याला जंतूंशी सामना करावा लागत नाही. जन्मानंतर मात्र दूध आणि जंतू दोन्ही आत येतात. पूर्ण दिवसांच्या बाळाचं आतडं त्यासाठी तयार असतं. २८ आठवड्यांच्या बाळाचं नसतं. आतड्याच्या आतलं बुळबुळीत अस्तर पातळ असतं, पेशींमधले सांधे सैल असतात आणि दूध पुढे ढकलण्याची गतीही मंद असते.

त्यात आणखी एक गोष्ट. आतड्याच्या पेशींवर 'टीएलआर-४' नावाचा एक ग्राहक असतो. जंतूंच्या आवरणाचे तुकडे ओळखून धोक्याची घंटा वाजवणं हे त्याचं काम. गर्भात आतड्याची वाढ होताना त्याचं प्रमाण जास्त असतं आणि दिवस भरत येतात तसं ते कमी होतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ या घंटा भरपूर असतानाच जन्माला येतं. त्यामुळे जंतू वाढले की शरीराची प्रतिक्रिया गरजेपेक्षा खूप मोठी होते. सूज येते, बारीक रक्तवाहिन्या आकसतात, भिंतीला रक्त कमी पडतं आणि पेशी मरू लागतात. मग जंतू थेट भिंतीत शिरतात आणि तिथे वायू तयार करतात. शेवटी आतड्याला भोक पडू शकतं.

आईचं दूध नेमकं काय करतं?

जे काम कच्च्या आतड्याला जमत नाही, ते काही काळ आईचं दूध करतं. दुधातली 'आयजीए' ही प्रतिपिंडं जंतूंवर लेप चढवतात, त्यामुळे ते आतड्याच्या भिंतीला चिकटत नाहीत. लॅक्टोफेरिन हे प्रथिन जंतूंना लागणारं लोह अडवून धरतं. दुधातले काही घटक भिंतीची दुरुस्ती करतात.

सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे आईच्या दुधात काही अशा साखरा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बायफिडोबॅक्टेरिया या उपकारक जंतूंसाठी. हे जंतू वाढले की त्रासदायक जंतूंना जागा कमी उरते. यातल्या काही साखरा टीएलआर-४ची घंटाही मंद करतात, असं प्रयोगांत दिसलं आहे.

याचा परिणाम किती मोठा आहे, हे इंग्लंडमधल्या ९२६ बाळांच्या अभ्यासातून १९९० साली दिसलं. ज्यांना फक्त पावडरचं दूध मिळालं, त्यांच्यात एनईसीचं प्रमाण फक्त आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहा पट होतं.

आईला दूध पुरेसं येत नसेल तर दुसरा पर्याय दूधपेढीचा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू झाली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने. पेढीतलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलं जातं. त्यात काही प्रतिपिंडं जातात, जिवंत पेशी मरतात, पण त्या खास साखरा टिकतात. म्हणून ते आईच्या ताज्या दुधाइतकं नसलं तरी पावडरपेक्षा बरं: पावडरच्या दुधावर एनईसीचा धोका पेढीच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतो.

सुरुवातीला लागणारं दूध अगदी थोडं असतं. आपल्या १,०५० ग्रॅमच्या बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे २० मिली दिलं, तर दिवसाला २१ मिली होतात. म्हणजे दर दोन तासांनी पावणेदोन मिली. त्यामुळे पहिल्या दिवसांत आईने काढलेला चार थेंब चीकसुद्धा वाया जात नाही. प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करावी आणि दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी काढावं.

सुरुवातीच्या खुणा

आपल्या बाळाकडे परत येऊ. अठराव्या दिवशी त्याला दर दोन तासांनी १३ मिली दूध मिळत होतं. सकाळी आईला वाटलं की बाळ आज मलूल आहे, हात लावला तरी नेहमीसारखं हलत नाही. दहाच्या सुमारास मॉनिटर दोनदा वाजला: श्वास थांबला आणि हृदयाचे ठोके मंदावले. दुपारी पोट फुगून ताठ दिसलं आणि नळीतून हिरवट पाणी आलं. चार वाजता शीमध्ये रक्त दिसलं.

यातली एकेक खूण इतर कारणांनीही दिसते. श्वास थांबणं तर या बाळांत नेहमीचंच. पण कालपर्यंत बरं असलेलं बाळ आज मलूल, श्वास वारंवार थांबतोय आणि त्यात पोटही फुगलंय, असं एकत्र आलं की थांबायचं नसतं. हिरवी उलटी किंवा नळीतून हिरवं पाणी, शीत रक्त, पोटाची कातडी लाल किंवा चकाकती, हात लावताच बाळाचं कळवळणं: यातलं काहीही दिसलं तर लगेच सिस्टरला सांगा. "बाळ आज वेगळं वाटतंय" एवढं सांगितलं तरी पुरे. बाळाचा कालचा दिवस आईने पाहिलेला असतो, ड्युटी बदलून आलेल्या सिस्टरने तो पाहिलेला असेलच असं नाही.

पुढे काय होतं?

डॉक्टर दूध थांबवतात, पोटातली हवा नळीने काढतात, शिरेतून पोषण आणि अँटिबायोटिक्स सुरू करतात. रक्तात प्लेटलेट्स आणि आम्लता पाहतात. पोटाचा एक्स-रे काढतात आणि गरजेनुसार काही तासांनी पुन्हा काढतात. भिंतीत वायूचे बुडबुडे दिसले तर निदान पक्कं होतं. आतड्याबाहेर, पोटाच्या पोकळीत हवा दिसली तर भोक पडलेलं असतं आणि शस्त्रक्रिया लागते. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून आजार नाहीच, असं नसतं.

वेळीच सापडलं तर बऱ्याच बाळांना शस्त्रक्रिया लागत नाही. सात ते चौदा दिवसांनी दूध पुन्हा थोडं थोडं सुरू होतं. मात्र पुढच्या काही आठवड्यांत पोट पुन्हा फुगलं तर दाखवायला हवं, कारण बऱ्या झालेल्या जागी आतडं अरुंद होऊ शकतं.

शेवटी एक गोष्ट, आयांसाठी. फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळालाही एनईसी होऊ शकतो. दूध धोका कमी करतं, पूर्ण टाळत नाही. म्हणून बाळाला एनईसी झाला तर आपलं दूध कमी पडलं किंवा वाईट होतं, असा अर्थ काढू नका. दूध बंद असलेल्या दिवसांतही ते काढत राहा आणि फ्रीजरमध्ये साठवायला द्या. आतडं बरं झाल्यावर पहिले मिली त्याच दुधाचे द्यायचे असतात.