खाल्लेलं अंगी का लागत नाही?

अंगणवाडीत दर महिन्याला बाळाला काट्यावर ठेवतात आणि माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात एक टिंब पडतं. टिंबं जोडणारी रेषा वर चढत नसेल तर सेविका आधी खाण्यापिण्याबद्दल विचारते, आणि ते रास्तच आहे. बहुतेकदा कारण तिथंच सापडतं. पण काही घरांत आई जीव तोडून भरवत असते, रात्र रात्र जागत असते, तरी रेषा आडवीच राहते. मग कुजबुज सुरू होते की हिचं दूधच पातळ आहे. या कुजबुजीनं किती आयांना आतून पोखरलं असेल याची मोजदाद नाही. अशा वेळी ‘आणखी भरवा’ म्हणण्याआधी विचारायला हवं की पोटात गेलेलं नेमकं जातं कुठं.

या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरं जन्मजात हृदयविकार आणि सिस्टिक फायब्रोसिस या आजारांतून मिळतात. पहिल्यात दूध पचतं, पण शरीर ते जाळून टाकतं आणि दमलेल्या बाळाला पुरेसं ओढताही येत नाही. दुसऱ्यात बाळ भुकेनं वखवखलेलं असतं, खातंही भरपूर, पण ते न पचताच शौचावाटे निघून जातं. पहिला आजार नेहमी दिसणारा आहे. हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. दुसरा आपल्याकडे दुर्मीळ आहे आणि म्हणूनच वर्षानुवर्षं ओळखला जात नाही. दोन्हींत आधी वजन अडतं, मग उंची, आणि डोक्याचा घेर सहसा सगळ्यात शेवटी. उंची खुंटली पण वजन चांगलं, असं चित्र असेल तर कारण बहुधा दुसरीकडे, म्हणजे संप्रेरकांत वगैरे शोधावं लागतं.

आधी हृदय. त्यातलाही एकच दोष पाहू, व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला असलेलं छिद्र. छिद्र लहान असेल तर वाढीवर काही परिणाम होत नाही आणि पुष्कळदा ते आपोआप बुजतं. मोठ्या छिद्राची गोष्ट वेगळी. जन्मल्या जन्मल्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, हृदयाच्या दोन्ही बाजूंना दाब जवळपास सारखा असतो, त्यामुळे छिद्रातून फारसं रक्त जात नाही आणि डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून वेगळा आवाजही येत नाही. पुढच्या चार ते आठ आठवड्यांत या वाहिन्या सैलावतात. मग डाव्या कप्प्यातलं शुद्ध रक्त शरीराकडे जायचं सोडून छिद्रातून पुन्हा फुप्फुसांत शिरतं. फुप्फुसं रक्तानं भरून येतात, श्वास वाढतो, हृदयाला जादा रक्त ढकलावं लागतं. म्हणून दवाखान्यातून घरी येताना ‘सगळं नॉर्मल’ असलेलं बाळ दीड महिन्याचं होताना घसरू लागतं. आधीची तपासणी चुकली होती असं नाही. तेव्हा ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच.

हे सगळ्यात आधी आईच्या लक्षात येतं. बाळ दोन मिनिटं ओढतं, सोडतं, धापा टाकतं आणि झोपी जातं. अर्ध्या तासानं भुकेनं पुन्हा रडतं. पिताना, थंडीच्या दिवसांतही, त्याच्या कपाळावर घाम येतो. आपल्याला जिना चढणं तसं तान्ह्या बाळाला दूध ओढणं, त्याच्या दिवसातलं सगळ्यात कष्टाचं काम. घरी करता येण्यासारखी एक तपासणी म्हणजे बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजणं. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा अधिक, आणि त्यानंतर वर्षभरापर्यंत पन्नास किंवा अधिक भरले, तर डॉक्टरांकडे लगेच जायला हवं.

आता हिशेब मांडून पाहू. समजा, एक मुलगी 2.8 किलोची जन्मली. निरोगी बाळ पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला 25 ते 30 ग्रॅम वाढतं, म्हणजे आता तिनं पाच किलो ओलांडायला हवं होतं. ती 3.8 किलोवर आहे. काढून मोजलं तर दिवसभरात जेमतेम 450 मिली दूध पोटात जातं. आईच्या दुधात 100 मिलीमागे साधारण 67 कॅलरी असतात. त्या मापानं तिला सुमारे 300 कॅलरी मिळतात, किलोमागे 80. निरोगी बाळाला किलोमागे शंभराच्या आसपास लागतात. धापा टाकणाऱ्या या मुलीला मात्र 120 ते 150 लागतील, कारण श्वास आणि हृदय यांतच बरीच ऊर्जा खर्च होते. 140 धरले तर दिवसाला 530 कॅलरी झाल्या. साध्या दुधातून त्या द्यायच्या तर जवळजवळ 800 मिली दूध लागेल. तेवढं ती पिऊच शकत नाही, आणि पाजलं तरी जादा पाण्याचा भार तिच्या भरलेल्या फुप्फुसांना सोसणार नाही.

तेव्हा दूध वाढवायचं नसतं, दाट करायचं असतं. दूध काढून त्यात मोजून फोर्टिफायर पावडर घालतात, किंवा डॉक्टर ठरवतील तेवढं तेल. पोटात सहज शोषलं जाणारं एमसीटी तेल त्यासाठी वापरतात. आपल्याकडे खोबरेल तेलही देतात. एक मिली तेलातून आठेक कॅलरी मिळतात. 100 मिलीमागे 90 ते 100 कॅलरी साधल्या तर तीच गरज साडेपाचशे-सहाशे मिलीत भागते. हे टप्प्याटप्प्यानं, काही दिवसांत करावं लागतं. एकदम दाट केलं की उलट्या-जुलाब होतात. डब्यातली पावडर अंदाजानं जास्त घालणं तर धोक्याचं, कारण क्षार वाढतात. एवढ्या लहान बाळाच्या बाटलीत बिस्किट किंवा नाचणी कालवणंही चूक. ओढण्याचे कष्ट वाचावेत म्हणून नाकातून पोटात बारीक नळी घालतात. दिवसा बाळ जमेल तेवढं तोंडानं पितं, उरलेलं रात्री नळीतून हळूहळू जातं. नळी पाहून घरच्यांच्या पोटात कालवतं, पण ती हरल्याची खूण नव्हे; पिण्यात जाणारी शक्ती तिच्यामुळे वाढीसाठी उरते. जोडीला लघवी वाढवणारी औषधं फुप्फुसांवरचा भार उतरवतात.

एवढं सगळं करूनही शस्त्रक्रियेपूर्वी दिवसाला 10-15 ग्रॅम वाढ झाली तरी ती चांगली म्हणायची. मोठं छिद्र असताना आहाराची झेप इथपर्यंतच. म्हणूनच ‘आधी वजन वाढवा, मग ऑपरेशन’ हा सल्ला या बाळाच्या बाबतीत मला घातक वाटतो. वजन वाढत नाही ते छिद्रामुळे, आणि छिद्र बुजवायचं थांबलंय वजनासाठी! अनुभवी केंद्रांत मोठं छिद्र सहसा पहिल्या वर्षातच, बरेचदा तीन ते सहा महिन्यांच्या वयात बंद करतात. त्यानंतर काही आठवड्यांत धाप जाते, घाम थांबतो आणि रेषा वर वळू लागते. वेळ निघून गेली तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या कायमच्या कडक होतात, आणि मग छिद्र बुजवणंच धोक्याचं ठरतं. यातली एक फसवी वेळ पालकांनी ओळखायला हवी. वर्षभराच्या आसपास बाळाची धाप अचानक कमी होते, न्यूमोनिया थांबतात, घरात सगळे सुटकेचा श्वास सोडतात. छिद्र लहान झालं असेल, किंवा फुप्फुसांतला दाब वाढून रक्त तिकडे जाईनासं झालं असेल. दोन्हींतलं काय ते इकोच सांगू शकतो.

खर्चाच्या भीतीनं थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांना तपासतात, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी त्यातून मदत मिळते.

दुसरं बाळ वेगळं. आठ महिन्यांचं, हातात येईल ते खाणारं, तरी काटकुळं. त्याची शी ढीगभर, चिकट, तेलकट आणि उग्र वासाची. खोकला हटत नाही. पापा घेतला की ओठांना खारट लागतं. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सीएफटीआर या जनुकाच्या आईवडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. त्यामुळे पेशींतून क्लोराइडची ये-जा नीट होत नाही आणि शरीरातले स्राव घट्ट होतात. स्वादुपिंडाच्या बारीक नळ्या त्यांनी तुंबतात आणि चरबी पचवणारा लायपेज हा पाचकरस आतड्यात पोचत नाही. सुमारे 85 टक्के रुग्णांत असं होतं. 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी हा आजार वेगळा ओळखला तो शवविच्छेदनातून. त्यातल्या अनेक मुलांवर दुसऱ्याच पचनविकाराचं नाव लागलं होतं. पुढे 1953 मध्ये डॉ. पॉल डी सँट’अग्नीझ यांनी दाखवलं की या मुलांच्या घामात मीठ फार असतं. आजही निदान घामावरच होतं: क्लोराइड लिटरला 60 मिलिमोल किंवा जास्त भरलं तर आजार जवळपास नक्की. ही चाचणी आपल्याकडे मोजक्याच मोठ्या केंद्रांत होते. जिथं ती नाही तिथं शीमधलं इलास्टेज मोजून निदान स्वादुपिंडाचा दोष तरी कळतो.

चरबी पचत नाही म्हणून तेल-तूप तोडायचं, असं कुणालाही वाटेल. अनेक वर्षं डॉक्टरांनाही तसंच वाटत होतं आणि या मुलांना चरबी वगळून आहार देत. कॅनडातल्या टोरंटोच्या डॉ. डग्लस क्रोझियर यांनी सत्तरच्या दशकात उलटं केलं. भरपूर चरबी आणि ती पचवायला भरपूर पाचकरस. 1988 मध्ये टोरंटो आणि बोस्टन इथल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. फुप्फुसांची ताकद दोन्हीकडे सारखीच होती, पण टोरंटोची मुलं उंच होती आणि तिथलं मध्यम आयुर्मान 30 वर्षं होतं, बोस्टनमध्ये 21. त्यानंतर कमी चरबीचा आहार मागे पडला. तूप-भात, शेंगदाण्याची चटणी, सायीचं दूध हे या मुलांचं पथ्य नव्हे, उपचार आहेत.

मात्र तुपाबरोबर पाचकरस हवाच. तो कॅप्सूलमध्ये बारीक दाण्यांच्या रूपात मिळतो. आठ किलोच्या या बाळाला एका जेवणाला साधारण 10,000 युनिट लायपेज, म्हणजे किलोमागे 1,250, दिवसाला सहा वेळा. एकूण किलोमागे 7,500. किलोमागे दिवसाला 10,000 ही वरची मर्यादा, कारण त्याहून जास्तीनं मोठं आतडं आकसल्याची उदाहरणं आहेत. दाणे चमचाभर कुस्करलेल्या केळ्यात घालून खाण्याच्या आधी द्यायचे. दुधात किंवा गरम पेजेत टाकले, चावले गेले, तर वरचं आवरण जातं आणि पोटातलं आम्ल त्यांना निकामी करतं. तोंडात अडकून राहिले तर फोड येतात, म्हणून नंतर हिरड्या पाहायच्या. शी तेलकटच राहिली तर आधी हेच सगळं तपासायचं. उन्हाळ्यात तापलेल्या घरात ठेवलेल्या कॅप्सूलचा जोरही ओसरतो.

मीठही या बाळाला वेगळं द्यावं लागतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ देऊ नये हा नेहमीचा नियम इथं चालत नाही. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये असं बाळ घामावाटे इतकं मीठ गमावू शकतं की जुलाब नसतानाही ते मलूल पडतं, दूध सोडतं, आणि रक्तातलं सोडियम-क्लोराइड खाली जातं. जुलाबाशिवाय वारंवार असं होणाऱ्या बाळाची घामाची चाचणी करायलाच हवी. तेलात विरघळणारी ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वंही रोज वेगळी द्यावी लागतात.

अलीकडे बिघडलेल्या सीएफटीआरलाच दुरुस्त करणाऱ्या गोळ्या आल्या आहेत; पहिली 2012 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. त्यांनी वजन झपाट्यानं सुधारतं, पण त्या ठरावीक जनुकबदलांवरच चालतात आणि किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे. युरोपात सर्वाधिक आढळणारा बदल भारतीय रुग्णांत त्यामानानं कमी दिसतो, त्यामुळे जनुक तपासल्याशिवाय त्यांचा विचारही करता येत नाही. ज्यांना त्या मिळत नाहीत त्यांचं वजन पाचकरस नीट देऊनही अडलं, तर छातीत संसर्ग दबून बसलाय का ते शोधतात, कारण तोही कॅलरी खातो. तरीही रेषा हलली नाही तर पोटावर छोटं छिद्र पाडून नळी बसवतात आणि झोपेत आहार देतात. ही नळी वजन फार घसरण्याआधी बसवली तर तिचा उपयोग जास्त होतो, आणि दिवसा मूल नेहमीसारखं जेवतं, शाळेत जातं.