राउटरचा बदललेला पत्ता

घरातल्या लॅपटॉपवर अचानक जुगाराच्या आणि अश्लील जाहिराती दिसू लागतात. अँटिव्हायरसला काही सापडत नाही. मोबाइलवरही त्याच जाहिराती येतात, पण वायफाय बंद करून मोबाइल डेटा सुरू केला की त्या गायब होतात. वेगवेगळ्या उपकरणांवर एकच रोग आणि तोही फक्त घरच्या वायफायवर, अशी लक्षणं असतील तर संशयाची सुई राउटरकडे वळवायला हवी.

संकेतस्थळाचं नाव टाइप केलं की त्या नावामागचा आकडी पत्ता उपकरण डीएनएस सर्व्हरला विचारतं. कोणत्या सर्व्हरला विचारायचं, हे बहुतेक घरांत राउटर ठरवतो. राउटरमधली तेवढी एक नोंद बदलली, की घरातलं प्रत्येक उपकरण भलत्याच माणसाला पत्ता विचारू लागतं. नोंद बदलायलाही फार कौशल्य लागत नाही. राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आलेला ‘admin’च असेल, तर एखाद्या फसव्या पानावरचा छोटा प्रोग्राम घरातल्याच ब्राउझरमधून राउटरला आज्ञा देऊन मोकळा होतो.

२०१५ मध्ये आरा लॅब्ज या संस्थेने उघड केलेला प्रकार या धंद्याची रीत नेमकी दाखवतो. भामट्यांचा सर्व्हर बहुतेक नावांचे पत्ते अगदी खरे सांगत असे. खोटं उत्तर तो मुख्यतः गुगल अ‍ॅनालिटिक्सच्या नावाला देई. वाचकसंख्या मोजणारा हा प्रोग्राम असंख्य संकेतस्थळं आपल्या पानात वापरतात. त्याच्या जागी भामट्यांचा प्रोग्राम उतरला, की कोणत्याही साध्यासुध्या पानावर त्यांच्या जाहिराती उमटत. वाचकाचा राग निघे बिचाऱ्या संकेतस्थळावर.

राउटरमध्ये दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी गुगलचा खरा 8.8.8.8 हा पत्ता ठेवला होता. आपला सर्व्हर बंद पडला तरी इंटरनेट चालू राहावं आणि कुणी तक्रार करू नये, ही त्यामागची चलाखी. म्हणून सेटिंगमध्ये ओळखीचा एक आकडा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. दोन्ही तपासावेत.

संथपणाचं मूळही इथेच आहे. एक पान उघडताना अनेक नावांचे पत्ते विचारावे लागतात. सर्व्हर दूरदेशी किंवा दमलेला असेल तर प्रत्येक उत्तराला वेळ लागतो; तो मेलेला असेल तर उपकरण काही क्षण वाट पाहून मगच दुसऱ्याकडे वळतं. अशा वेळी स्पीड टेस्टचा आकडा उत्तम येतो आणि पानं मात्र अडखळतात.

तपासणीसाठी विंडोजमध्ये ही आज्ञा देता येते:

```
nslookup google.com
```

पहिल्या ओळींत अनेकदा 192.168.1.1 असा राउटरचाच पत्ता दिसतो. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण राउटर पुढे कुणाला विचारतो हे तिथे कळत नाही. त्यासाठी राउटरच्या पानावर लॉगिन करून ‘WAN’ किंवा ‘Internet’ आणि ‘DHCP’ या दोन्ही ठिकाणचे डीएनएस पत्ते पाहावेत, आणि ते आपले आहेत का हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला विचारावं.

नुसते आकडे दुरुस्त करून भागत नाही. पासवर्ड तोच राहिला तर आकडे पुन्हा बदलतात. राउटर रीसेट करणं हाच पक्का उपाय, पण त्याआधी कंपनीकडून जोडणीचं यूजरनेम आणि पासवर्ड मागून घ्यावा. फायबरची जोडणी असेल तर रीसेटची गोष्ट आधी कंपनीच्या कानावर घालावी, नाहीतर त्यांची सेटिंगही पुसली जाऊन इंटरनेटच बंद पडतं. मग बाहेरून येणारी तार काढून रीसेटचं बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरावं. लॅपटॉप केबलने जोडून सर्वांत आधी राउटरच्या लॉगिनचा पासवर्ड बदलावा. वायफायचा पासवर्ड वेगळा, तो बदलून हे दार बंद होत नाही. ‘Remote Management’ बंद करावं, तार जोडावी आणि निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून फर्मवेअर अद्ययावत करावं. निर्मात्याने त्या मॉडेलची अद्ययावतं थांबवली असतील तर नवा राउटर घेणंच इष्ट, कारण फर्मवेअरमधल्या उघड्या भोकातून येणाऱ्याला पासवर्ड लागत नाही.

राउटर शुद्ध झाला तरी उपकरणांच्या स्मृतीत जुने पत्ते उरलेले असतात. विंडोजमध्ये ते असे पुसता येतात:

```
ipconfig /flushdns
ipconfig /renew
```

मोबाइलचं वायफाय एकदा बंद करून चालू करावं. ब्राउझरची कॅशही रिकामी करावी, कारण खोटा प्रोग्राम तिथे साठून राहिला तर राउटर दुरुस्त झाल्यावरही जाहिराती दिसत राहतात.

आता बहुतेक संकेतस्थळं ‘https’ वापरतात, त्यामुळे भामट्यांचा सर्व्हर दुसऱ्याचं नाव लावून आला की ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो. बँकेच्या पानावर असा इशारा ओलांडून कुणी पासवर्ड टाकला असेल, तर राउटर दुरुस्त होईपर्यंत न थांबता मोबाइल डेटावरून तो बदलून टाकावा आणि बँकेला कळवावं.