जाहिरातीआधी लिहायचे 'ब्रीफ'

पिंपळे गुरव - सांगवी, पिंपळे गुरव, काशिद पार्क या पट्ट्यात लहान भूखंडांवर तीस-चाळीस सदनिकांच्या इमारती बांधणारे अनेक व्यावसायिक आहेत. त्यांची जाहिरात बहुधा तोंडी निरोपावर ठरते. 'काहीतरी जोरदार करा, दसऱ्याच्या आधी लागले पाहिजे,' एवढे ऐकून एजन्सी कामाला लागते आणि तिसऱ्या आराखड्यानंतर दोन्ही बाजू वैतागतात. हा घोळ टाळण्यासाठी दोन पानांचे लेखी टिपण पुरते. जाहिरात क्षेत्रात त्याला 'ब्रीफ' म्हणतात.

समजा, एका प्रकल्पातील ४० पैकी १२ सदनिका शिल्लक आहेत. 'प्रकल्पाचे नाव सर्वत्र पोचावे' हे उद्दिष्ट मोजता येत नाही, म्हणून ते ब्रीफमध्ये निरुपयोगी ठरते. त्याऐवजी विक्री कार्यालयाची नोंदवही उघडावी. प्रत्यक्ष जागा पाहायला आलेल्या दहा कुटुंबांपैकी एकाने नोंदणी केली असेल, तर सहा सदनिका विकण्यासाठी साठ कुटुंबे यावी लागतील. 'दीड महिन्यात साठ भेटी' असे उद्दिष्ट लिहिले की एजन्सीला माध्यम निवडता येते, आणि तिसऱ्या आठवड्यात दहाच भेटी झाल्या असतील, तर मोहीम चुकते आहे हेही वेळेत कळते.

ग्राहकाचे वर्णन करताना 'मध्यमवर्गीय, वय ३० ते ४५' एवढ्यावर थांबू नये. हिंजवडीत नोकरी करणारे आणि सध्या नवी सांगवीत भाड्याने राहणारे जोडपे एक. भोसरीच्या कारखान्यात पर्यवेक्षक असलेला, मुलाच्या लग्नाआधी मोठे घर शोधणारा गृहस्थ दुसरा. पहिल्याला कर्जाच्या हप्त्याची आणि घरभाड्याची तुलना हवी असते. दुसरा पार्किंग आणि ताब्याची तारीख विचारतो. एकाच जाहिरातीत दोघांना सांगायला गेले, तर मजकूर कोणाचाच राहत नाही. ब्रीफ लिहिणाऱ्यानेच एकाची निवड करावी. ते काम एजन्सीवर सोपवू नये.

खर्चाच्या आकड्यात सर्वाधिक गफलत कराची होते. वृत्तपत्रातील जागेवर ५ टक्के, तर फलक, डिजिटल माध्यमे, छायाचित्रण आणि एजन्सीचे शुल्क यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. वृत्तपत्रासाठी ४ लाख आणि बाकी कामांसाठी ६ लाख धरले, तर दहा लाखांची मोहीम ११ लाख २८ हजारांवर जाते. निवासी प्रकल्पांना १ एप्रिल २०१९ पासून १ व ५ टक्क्यांचे दर लागू झाले. या दरांत भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे वरचे सव्वा लाख व्यावसायिकाच्याच खिशातून जातात. रक्कम 'करासहित' की 'कराविना' हा एक शब्द ब्रीफमध्ये हवाच.

मात्र खरी जोखीम मजकुरात असते. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला नुकसान झाल्यास भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास व्याजासह रक्कम परत मिळू शकते. 'हिंजवडी पंधरा मिनिटांवर' किंवा मंजूर नकाशात नसलेला तरणतलाव या ओळी बहुतेकदा एजन्सीच्या कल्पनेतून येत नाहीत. मालकाच्या बोलण्यातून येतात. म्हणून ब्रीफला जोडून दाव्यांची यादी द्यावी आणि प्रत्येक दाव्यासमोर त्याचा पुरावा लिहावा: मंजूर नकाशा, चटई क्षेत्र, महारेरावर नोंदवलेली ताब्याची तारीख. पुरावा नसलेला दावा तेथेच गळतो. उद्यान जवळ आहे असे सांगायचे, तर राजमाता जिजाऊ उद्यानाचे नाव आणि मोजलेले अंतर द्यावे.

मंजुरीचे टप्पे या यादीला धरूनच ठरतात. वास्तुविशारद आणि वकील यांनी दावे तपासायचे ते चित्र तयार होण्यापूर्वी. नंतर तपासले तर छायाचित्रणाचा खर्च वाया जातो. त्यानंतर कल्पना, आराखडा आणि अंतिम नमुना यांना लेखी मंजुरी द्यायची, तीही एकाच व्यक्तीने. भागीदार चार असले, तरी त्यांच्या सूचना त्या एकाकडेच जाव्यात. दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोन, आणि प्रत्येक फेरीला उत्तर देण्याची मुदत दोन दिवस, असे आधीच लिहिलेले बरे. मालकाच्या मेहुण्याला रंग आवडला नाही, म्हणून छपाई थांबल्याची उदाहरणे या व्यवसायात नवी नाहीत.

छपाईपूर्वीच्या तपासणीत महारेराचा नोंदणी क्रमांक, संकेतस्थळाचा पत्ता आणि क्यूआर कोड पाहावा. १ ऑगस्ट २०२३ पासून वृत्तपत्रातील जाहिराती, पत्रके आणि समाजमाध्यमांवरील जाहिरातींत हा कोड बंधनकारक झाला. तो नसल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संगणकाच्या पडद्यावर मोठा दिसणारा कोड छोट्या जाहिरातीत अस्पष्ट होतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकारात छापून मोबाइलने तपासावा.

फलक लावायचा असल्यास महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाच्या परवान्याची प्रत फलकधारकाकडून मागण्याची अट ब्रीफमध्येच घालावी. एप्रिल २०२३ मध्ये किवळे येथे फलक कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला होता. परवान्याची प्रत हाती येईपर्यंत फलकाच्या भाड्याचा धनादेश देऊ नये.