ट्रिगर खाली सरकवू नकोस

चि. बाळास,


तू डिमॅट खातं उघडल्याचं परवा आईने सांगितलं. फोनवर बोलता बोलता राहून जातं, म्हणून लिहून पाठवतो. शेअर कोणता घ्यायचा हे तू शिकशीलच. मला सांगायचंय ते स्टॉप-लॉसबद्दल, आणि त्यासाठी ४ जून २०२४ चा माझा दिवस तुला सांगतो.

लोकसभेच्या निकालाचा तो दिवस. आदल्या दिवशी एक्झिट पोलमुळे निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वर गेला होता. त्या उत्साहात मी एका सरकारी कंपनीचा शेअर ४०० रुपयांना घेतला. हिशोब मात्र नीट केला होता. ट्रेडिंगचं माझं भांडवल दोन लाख, आणि एका सौद्यात त्याच्या एक टक्क्याहून, म्हणजे दोन हजारांहून जास्त गमवायचं नाही हा नियम. अलीकडचा नीचांक पाहून स्टॉप-लॉस ३८८ ला ठरवला. म्हणजे एका शेअरमागे बारा रुपयांची जोखीम. दोन हजाराला बाराने भागलं की १६६ येतात. मी १६० घेतले. हा क्रम लक्षात ठेव: आधी स्टॉप-लॉस, मग नग. नग आधी ठरवले की स्टॉप-लॉस आपण मनाला सोसेल तिथे ढकलतो.

स्टॉप-लॉसची साधी ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, म्हणून चार तारखेला बाजार उघडताच ती पुन्हा टाकली: ट्रिगर ३८८, लिमिट ३८६. मतमोजणीचे कल येऊ लागले आणि भाव घसरायला लागला. ३९२, ३९०, ३८९. छातीत धडधड होत होती. ‘हे तात्पुरतं आहे, दुपारपर्यंत सावरेल’ असं मन सांगत होतं. मी ऑर्डर उघडली, मॉडिफाय दाबलं आणि ट्रिगर ३८० केला. तोही जवळ आला तेव्हा ऑर्डरच रद्द केली. दुपारी भाव ३४१ वर होता आणि मला बघवेना. सगळे शेअर विकून टाकले. १,९२० रुपयांचा ठरलेला तोटा ९,४४० वर गेला.

निफ्टी त्या दिवशी जवळजवळ सहा टक्के पडून बंद झाला. आणि ७ जूनला तो ३ जूनच्याही वर होता.

तू म्हणशील, मग धरून ठेवले असते तर? बाबांचा तोटा भरून निघाला असता. पण चार तारखेला दुपारी हे कुणालाच माहीत नव्हतं. माझी चूक दुसरीच होती. ३८९ ला मी आशेपोटी थांबलो आणि ३४१ ला भीतीपोटी विकलं. दोन्ही निर्णय भाव हलत असताना घेतलेले. डोकं शांत असताना घेतलेला निर्णय एकच होता, ३८८ चा, आणि तोच मी मोडला.

म्हणून आता माझा नियम असा: ट्रिगर वर सरकवता येतो, खाली कधीच नाही. भाव पडला म्हणून आणखी शेअर घेऊन अ‍ॅव्हरेज करायचं नाही, कारण त्याने दोन हजारांची मर्यादा तशीच मोडते. सौदा टाकण्याआधी तिन्ही आकडे वहीत लिहितो आणि ऑर्डर टाकली की स्क्रीनसमोरून उठतो.

स्टॉप-लॉस म्हणजे हमी नव्हे, हेही सांगायला हवं. २३ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या तोंडावर, निफ्टी आदल्या बंद भावापेक्षा जवळजवळ नऊ टक्के खाली उघडला आणि थोड्याच वेळात व्यवहार पंचेचाळीस मिनिटं थांबवावे लागले. असा भाव थेट ३८८ वरून ३७० वर उडी मारतो तेव्हा ३८६ ची लिमिट ऑर्डर न विकता तशीच पडून राहते. मार्केट भावाची स्टॉप-लॉस ऑर्डर विकली जाते, पण मिळेल त्या भावाला. एवढ्यासाठीच एका सौद्यात भांडवलाचा मोठा वाटा घालायचा नाही.

दुसरा त्रास तुला लवकरच होईल. स्टॉप-लॉस लागेल आणि भाव लगेच फिरून वर जाईल. फार चीड येते, आणि पुढच्या वेळी ऑर्डरच टाकू नये असं वाटतं. त्या दिवशी काही बदलू नकोस. वहीत नोंद कर. असं वारंवार घडलं तर तो शेअर एरवी दिवसभरात किती हलतो ते बघ. रोज पंधरा रुपये हलणाऱ्या शेअरला बारा रुपयांचा स्टॉप-लॉस पुरणारच नाही. मग अंतर पंचवीस ठेव आणि नग ऐंशीवर आण. दोन हजार तेवढेच राहतात. पण हा बदल रविवारी करायचा, बाजार बंद असताना.

पहिला सौदा टाकशील तेव्हा नफ्याची बातमी मला नको. खरेदीचा भाव, ट्रिगर आणि नग, एवढे तीन आकडे संध्याकाळी कळव.

तुझे,
बाबा