प्रीमियम विकण्याआधीची तुलना

गार्च(१,१) हे मॉडेल टिम बोलर्स्लेव यांनी 1986 मध्ये मांडले. त्यात उद्याचा चढउतार आजच्या धक्क्यावर आणि आजवरच्या चढउतारावर ठरतो, आणि हळूहळू दीर्घकालीन सरासरीकडे सरकतो.

समजा, निफ्टीसाठी अल्फा 0.08, बीटा 0.90 आणि दीर्घकालीन दैनंदिन चढउतार 1 टक्का आला. उद्याचा अंदाज 0.8 टक्के. त्याला 252 च्या वर्गमूळाने गुणले की वार्षिक 12.7 टक्के. ऑप्शनच्या भावातून निघणारी इम्प्लाइड व्होलॅटिलिटी 14 असेल, तर प्रीमियम महाग वाटतो. पण एक्स्पायरीला 20 सत्रे उरली असतील, तर तुलना त्या 20 सत्रांच्या सरासरीशीच करायला हवी. प्रत्येक दिवसाच्या अंदाजित व्हेरियन्सची सरासरी काढून वर्गमूळ घेतले आणि तेही वार्षिक केले, की आकडा 13.3 येतो. फरक जवळपास निम्मा होतो, आणि त्यातूनच ब्रोकरेज व करही जायचे असतात.

मोठी मर्यादा म्हणजे गार्चला कॅलेंडर कळत नाही. 4 जून 2024 च्या लोकसभा निवडणूक निकालाआधी इम्प्लाइड व्होलॅटिलिटी चढलेली होती. ज्यांनी तो प्रीमियम फुगवटा समजून पुट विकले, त्यांच्यासमोर निफ्टी एका दिवसात सुमारे 5.9 टक्के कोसळला.