जैविक वयाच्या मापनातील एक पेच

जन्मतारखेवरून जे काढले जाते ते कालिक वय होय. शरीराची इंद्रिये प्रत्यक्षात किती झिजली आहेत, यावरून जे ठरावयाचे ते जैविक वय होय. समवयस्कांमध्ये हे दुसरे वय भिन्न असते, हे सर्वमान्य आहे. प्रश्न ते मोजावयाचे कसे, हा आहे.

स्टीव्ह होर्वाथ यांनी 2013 साली यासाठी डी.एन.ए.चा आधार घेतला. डी.एन.ए.मधील काही स्थळी सायटोसिनला मेथिल गट जोडलेला असतो, आणि अशा जोडणीचे प्रमाण वयानुसार बदलते. होर्वाथ यांनी अशी 353 स्थळे निवडली, प्रत्येकास योग्य तो भार दिला व त्यांच्या बेरजेवरून व्यक्तीचे वय वर्तविले. अंदाजातील मध्यक चूक सुमारे 3.6 वर्षे निघाली.

परंतु येथेच एक पेच उद्भवतो. हे सूत्र कालिक वयाशी जुळावे अशाच रीतीने बसविलेले आहे. ते जितके अचूक होईल, तितके ते केवळ जन्मतारीख सांगू लागेल. ज्या अंतराचा शोध घ्यावयाचा, तेच अंतर ‘चूक’ समजून पुसले जाते.

हा पेच न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील अभ्यासाने निराळ्या मार्गाने सोडविला. तेथे 1972-73 साली जन्मलेल्या 1037 व्यक्तींची पाहणी जन्मापासून चालू आहे. त्यांच्या 26, 32, 38 व 45 व्या वर्षी रक्तदाब, फुप्फुसांची क्षमता, मूत्रपिंडाचे कार्य, हिरड्यांची स्थिती अशी 19 मापे घेण्यात आली. सर्वांचे कालिक वय एकच असल्यामुळे मापांच्या घसरणीत जो फरक दिसला, तो वृद्धत्वाच्या गतीचाच मानावा लागतो. ही गती रक्तातील 173 मेथिल-स्थळांवरून ओळखणारे सूत्र डॅनियल बेल्स्की व सहकाऱ्यांनी 2022 साली प्रसिद्ध केले. त्यात 1 म्हणजे वर्षाला एक जैविक वर्ष. 26 ते 45 या 19 वर्षांत गती स्थिर राहिली असे मानल्यास, 1.2 गतीची व्यक्ती 22.8, तर 0.8 गतीची 15.2 जैविक वर्षे पुढे सरकते. म्हणजे दोघांत 7.6 वर्षांचे अंतर पडते.

तथापि अशा आकड्यांचा अर्थ जपून लावणे आवश्यक आहे. एकाच नमुन्याची दोनदा तपासणी केली असता आरंभीच्या काही सूत्रांत 3 ते 9 वर्षांपर्यंत तफावत आढळली आहे. तसेच रक्तातील श्वेतपेशींच्या प्रकारांचे प्रमाण संसर्गाने बदलले, तरी मेथिलीकरणाचे माप बदलते. मग वृद्धत्व न वाढताही ते वाढल्याचा भास होतो.

अमेरिकेतील एका प्रयोगात निरोगी प्रौढांना दोन वर्षे कमी उष्मांकाचा आहार देण्यात आला. 2023 सालच्या विश्लेषणात ड्युनेडिनच्या सूत्राप्रमाणे वृद्धत्वाची गती 2 ते 3 टक्क्यांनी मंदावलेली दिसली; त्याच नमुन्यांवर लावलेल्या अन्य दोन सूत्रांत मात्र लक्षणीय बदल दिसला नाही. ती सूत्रे मुख्यतः मृत्यूच्या संभाव्यतेशी जुळवून बसविलेली होती. यावरून असे दिसते की, जैविक वयाचा आकडा समोर आला असता, तो कशाशी जुळवून बसविलेल्या सूत्राचा आहे, हे प्रथम विचारले पाहिजे.