सनकोट घेताना, शिवताना कापड कसं पारखाल?

मैत्रिणींनो, गाडीवर वारा लागत असतो, त्यामुळे ऊन फारसं जाणवत नाही. पण त्वचा काळवंडते आणि भाजते ती उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. हे किरण गरम लागत नाहीत, म्हणून गार वाऱ्यातही ते आपलं काम करतच असतात.

आपल्यापैकी बऱ्याच जणी पांढरा, पातळ सुती सनकोट घालतात. तो अंगाला थंड वाटतो, पण पातळ कापडाच्या विणीतल्या फटींतून किरण आत येतात. म्हणून कापड घेताना आधी वीण बघा. कापडाचा एक थर उजेडाकडे धरा आणि मागे हात ठेवा. बोटं स्पष्ट दिसली, तर ते कापड नको. घट्ट विणीचं पॉपलिन किंवा डेनिम चांगलं. घामाने भिजलं की पातळ पांढरं सुती कापड आणखी पारदर्शक होतं, म्हणून ही परीक्षा कापड ओलं करूनही घ्या.

वीण सारखीच असेल, तर गडद रंग जास्त किरण अडवतो. म्हणजे फिक्या रंगापेक्षा गडद निळा बरा. गडद कापड जरा जास्त तापतं, म्हणून कोट सैल शिवा. सैल कोटात हवा खेळते. शिवाय तंग कोट खांद्यावर ताणला जाऊन वीण उघडते, तेही टळतं.

बाहीचं माप घेताना नेहमी चूक होते. हात खाली सोडून माप घेतलं, की हँडल धरल्यावर बाही वर सरकते आणि मनगट उघडं पडतं. त्यामुळे गाडीवर बसून, हँडल धरून माप घ्या. खांद्यापासून कोपरावरून थेट बोटांच्या पेरांपर्यंत टेप लावा. बाहीच्या टोकाला अंगठा अडकवायला छोटा पट्टा शिवला, की वाऱ्याने ती वर जात नाही आणि हाताची पाठही झाकते. हँडलवरची पकड सैल होत नाही ना, ते मात्र बघा.

दुकानातल्या काही कोटांवर ‘यूपीएफ’ आकडा असतो. यूपीएफ ५० म्हणजे ५० भागांतला साधारण १ भाग किरणच कापडातून आत जातो. यूपीएफ ५ असेल तर ५ तला १ भाग, म्हणजे दहापट जास्त. १५ च्या खालचा कोट उन्हासाठी म्हणून घेऊ नका. हा आकडा यंत्रावर तपासूनच मिळतो. हात धरून केलेल्या परीक्षेने वाईट कापड बाजूला काढता येतं, पण आकडा कळत नाही. म्हणून गटाने शिवलेल्या कोटावर न तपासता ‘यूपीएफ ५०’ लिहून विकू नका. ‘घट्ट वीण, गडद रंग, लांब बाही’ एवढं खरं लिहिलं तरी गिऱ्हाईक विचारून घेईल.

आणि हो, स्कार्फचं टोक कोटाच्या आत खोचायला विसरू नका. मोकळं राहिलं तर ते चाकात अडकतं.